ओबीएम गरम होतंय, इंपेलर नवीन टाकला तरी इंडिकेटरची धार बारीकच

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी. देवबागला आमची पर्यटकांची फायबरची बोट आहे. मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम, दोन सिलिंडरचं. संगमावरून त्सुनामी आयलंड, नाहीतर सकाळी बाहेर डॉल्फिन दाखवायला, असा धंदा.

दिवाळीच्या आधीपासून इंजिनातून मागे पडणारी पाण्याची धार बारीक व्हायला लागली. आधी ती जोरात लांब उडायची. आता स्लोला नुसती ठिबकते, थ्रॉटल दिला की जरा सुधारते. पण फुल थ्रॉटलला थोडं अंतर गेलं की धार तुटते, मध्येच हवा फुसफुसल्यासारखी येते. मग इंजिनाच्या कव्हरमधून रंग भाजल्यासारखा वास येतो आणि पॉवर पडते. स्लो केलं की पाचेक मिनिटांत परत सगळं जागेवर. गरम झाल्याचा बझर आहे, पण त्याची वायर आधीच्या मालकानं कापून ठेवलीय.

मेकॅनिकनं इंपेलर बदलला. नवीन टाकल्यावर थोडे दिवस बरं चाललं, आता परत तेच. मेकॅनिक म्हणतो हेड उघडावं लागेल. सीझन ऐन भरात आहे, हेड उघडायच्या आधी अजून काय बघता येईल?

भाटीवरचा_बाबू

थर्मोस्टॅट काढून टाक. आमच्याकडे सगळे तसेच चलवतत, कायएक होणा नाय. खाऱ्या पाण्यात तो अडकताच. माझ्या दोन्ही मशिनींचो काढलेलो आसा.

डिझेलवाला

इंडिकेटरमधून पाणी येतंय म्हणजे कुठेतरी लीकेज आहे. हीट एक्स्चेंजर उघडून ट्यूब साफ करून घ्या, कूलंटची लेव्हल बघा. आमच्या ट्रॉलरला हेच झालं होतं, कूलंटच्या टाकीत तेल आलं होतं. हेड गॅस्केट गेलं असणार, मेकॅनिक बरोबर बोलतोय.

कर्लीकाठ

डिझेलवाला भाऊ, हे इनबोर्ड नाही, पेट्रोलचं ओबीएम आहे. कूलंट नसतंच, खालून समुद्राचं पाणी ओढून तेच इंजिनभर फिरवतं आणि बाहेर टाकतं. मागची धार पडायलाच हवी, ती पडत नाही हीच तक्रार आहे.

डिझेलवाला

अच्छा अच्छा. बोट म्हटल्यावर मला आपली ट्रॉलरच दिसली. चालू द्या.

गिअरकेस

बाबू, थर्मोस्टॅट काढायचा सल्ला या दुखण्याला लागू पडत नाही. बहुतेक ओबीएममध्ये ही धार पाणी थर्मोस्टॅटपर्यंत पोहोचायच्या आधीच फुटून बाहेर येते. थर्मोस्टॅट बंद अडकला तर इंजिन तापेल, पण धार उलट जोरात येईल, कारण पाण्याला दुसरी वाट राहत नाही. इथे धारच बारीक आहे. म्हणजे वर पाणीच कमी पोहोचतंय, किंवा धारेची स्वतःची नळी तुंबलीय.

कर्लीकाठ, पाण्याचा रस्ता तीन भागांत धरा. पंपाच्या आधी, पंपात आणि पंपाच्या पुढे. पाणी शिरतं प्रोपेलरच्या वर, पायाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या जाळ्यांतून. तिथून गिअरकेसच्या डोक्यावर बसलेल्या पंपात. इंपेलर ते ढकलतो उभ्या पितळी किंवा स्टीलच्या नळीत, नळीतून ब्लॉकमध्ये. तुमच्या मेकॅनिकनं फक्त मधला भाग बदलला.

फुल थ्रॉटलला धार तुटते आणि हवा येते म्हणताय, त्यावरून माझा संशय पंपाच्या आधीच्या भागावर आहे. पंप मागतोय तेवढं पाणी त्याला खालून मिळत नाही. पण आधी फुकटातलं तपासा. धारेची रबरी नळी इंजिनाला जिथे जोडलेली असते तिथून सोडा आणि स्टार्ट करून त्या निपलमधून पाणी कसं येतं बघा. तिथे जोरात आलं तर नळी तुंबलीय, तुमचा खर्च शून्य. तिथेही बारीक आलं तर पुढे बोलू.

आणि धारेखाली हात धरा. कोमट लागलं तर ठीक. हात धरवत नसेल किंवा वाफ असेल तर त्या इंजिनावर पर्यटक घेऊन बाहेर जाऊ नका.

भिगवण_नावाडी

आमच्याकडं उजनीच्या पाण्यात नळीचाच प्रॉब्लेम निघाला होता बघा. उन्हाळ्यात इंजिन शेडमध्ये पडून होतं, तेवढ्यात कुंभारीण माशीनं त्या भोकात मातीचं घर केलं. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला गिऱ्हाईक आलं, इंजिन चालू केलं तर एक थेंब नाही. आमचा पोरगा म्हणाला इंपेलर गेला. मी गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी आत घातली, माती भसकन बाहेर. दोन मिनिटांचं काम.

लोखंडी तार घालू नका, वाकून आत अडकली की डोक्याला ताप.

दाभोळखाडी

आमची वाशिष्ठीत मगर सफारीची बोट आहे, चार-स्ट्रोक ६०. आमचं लक्षण तुमच्याशी अर्धं जुळतं म्हणून लिहिते. स्लोला धार एकदम मस्त, वेग घेतला की गायब. थांबून इंजिन उचलून बघितलं की जाळी स्वच्छ. परत निघालो की परत गायब. वेड लागायची पाळी आली होती.

शेवटी नवऱ्यानं चालू बोटीवर धार गेल्या गेल्या इंजिन न्यूट्रल करून, बंद करून, लगेच सावकाश उचललं, तेव्हा दुधाच्या पिशवीचा तुकडा जाळीवरून सुटून जाताना दिसला. पंप ओढत असतो तोवर प्लास्टिक जाळीला चिकटून बसतं, इंजिन बंद झालं की ओढ संपते आणि ते पाण्यात सुटतं. म्हणून उचलल्यावर काहीच दिसत नाही. आता धार गेली की आम्ही आधी थांबून थोडा रिव्हर्स मारतो. बहुतेक वेळा पिशवी निघून जाते.

तुमच्या इथे रिव्हर्स मारून फरक पडतो का?

कर्लीकाठ

ताई, रिव्हर्स मारून बघितलं, काही फरक नाही.

गिअरकेस काका, नळी सोडून बघितली. निपलमधूनही तशीच बारीक. हात धरला, स्लोला कोमट होतं. फुल थ्रॉटलला हात धरायची सोय नाही, पण स्लो केल्याबरोबर धरला तर चटका बसला.

गिअरकेस

मग नळी सुटली यादीतून. चटका बसेपर्यंत चालवू नका, हे आधी सांगतो. टू-स्ट्रोकचा पिस्टन एकदा सिलिंडरला घासला की हेड उघडण्यापेक्षा मोठा खर्च. आणि तापल्यावर वरून गार पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या.

आता पिंप टेस्ट करा. मोठं, २०० लिटरचं पिंप लागेल. प्रोपेलर काढा, इंजिन स्टँडवर लावून पाय पिंपात सोडा. पाणी प्रोपेलरच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्यापेक्षा चांगलं वीतभर वर असू द्या, नाहीतर पंप कोरडा राहील आणि निष्कर्ष चुकेल. न्यूट्रलमध्येच चालवा, फार जोरात ओरडू देऊ नका. स्लोला धार बघा, मग थोडा थ्रॉटल वाढवून बघा. चांगल्या पंपाची धार थ्रॉटलबरोबर ठळक वाढते.

कानाला लावतात तसे रबरी कप जाळीवर बसवून नळाला जोडतात, तो प्रकार धुण्यासाठी ठीक, तपासणीसाठी नको. नळाचं प्रेशर पाणी वर ढकलतं आणि मेलेला पंपही जिवंत वाटतो.

अजून एक. जुना इंपेलर कुठे आहे? त्याच्या सगळ्या पाकळ्या शाबूत होत्या का?

कर्लीकाठ

मेकॅनिकला फोन केला. म्हणाला टाकून दिला, पण दोन पाकळ्यांची टोकं तुटलेली होती हे त्याला आठवतं.

पिंपात लावलं. स्लोला धार बरी, समुद्रात असते त्यापेक्षा चांगली. थ्रॉटल वाढवला तरी जवळपास तेवढीच राहते, वाढत नाही. बुडबुडे मात्र पिंपात खूप दिसतात, पण ते एक्झॉस्टचे असतील.

भाटीवरचा_बाबू

इंपेलर डुप्लिकेट असतलो. मार्केटात रबर खंयचाय मिळता. दुसरो आण, थर्मोस्टॅट पण काढ, दोन्ही एकदम.

गिअरकेस

डुप्लिकेट असू शकतो, बाबू म्हणतोय त्यात तथ्य आहे. स्वस्तातल्यांची एक गंमत म्हणजे पाकळ्या नव्या दिसतात, पण मधलं पितळी बुश रबरात सैल असतं. शाफ्ट बुशला फिरवतो, रबर आतल्या आत घसरतं. बाहेरून बघून कळत नाही. बुश पक्कडीत धरून रबर पिळून बघायचं. हाताच्या जोरानं फिरलं तर फेकून द्या.

पण कर्लीकाठ, स्लोला बरी आणि वाढवल्यावर तेवढीच, म्हणजे कुठेतरी भोक बारीक झालंय. थोडं पाणी जातं, जास्त जात नाही. दोन शक्यता उरतात. एक, जाळीच्या आत गच्च भरलंय. दोन, मेकॅनिकनं पाय परत बसवताना पाण्याची उभी नळी पंपाच्या रबरी बुचात नीट शिरलीच नाही, बाजूलाच टेकलीय आणि अर्धं पाणी पायाच्या पोकळीत सांडतंय. इंपेलर बदलूनही धार येत नाही त्यात हे कारण मी फार वेळा बघितलंय. दोन्हीसाठी पाय खाली उतरवावा लागेल. हेडला हात लावायची गरज अजून नाही.

पाय सोडायच्या आधी गिअरची काडी सोडायला विसरू नका, नाहीतर ओढताना वाकेल. मेकॅनिक करेलच, पण तुम्ही समोर उभे राहा. उतरवल्यावर मला हे सांगा: वरची नळी हातानं हलवली तर सैल आहे का, रबरी बुचाचा ओठ दुमडलाय का, आणि इंपेलरच्या खालच्या स्टीलच्या पट्टीवर नख फिरवलं तर खाचेत अडकतं का.

आणि पंप काढून झाल्यावर, पट्टी काढल्यावर, जिथून पाणी पंपात येतं त्या पोकळीत तांब्याभर पाणी ओता. ते दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून भळाभळा खाली पडलं पाहिजे. हे नक्की करा. पाच पैशाची टेस्ट आहे आणि मेकॅनिक लोक करत नाहीत.

भिगवण_नावाडी

गिअरकेस साहेब, एक विचारू का. आमच्या गोड्या पाण्यात एकच इंपेलर मी कितीतरी वर्षं वापरतोय. तुम्ही कोकणवाले दर सीझनला बदला म्हणता. पैसे घालवायचं काम नाही का हे?

गिअरकेस

तुमच्याकडे वाळू नाही, म्हणून टिकतो. उजनीत जलपर्णी आणि शेवाळ जाळीवर बसेल, पण ते मऊ असतं, रबर घासत नाही. देवबागला ओहोटीला उथळ पाण्यातून जाताना प्रोपेलर तळाची वाळू ढवळतो आणि तीच पंप ओढतो. रबर, पट्टी, वरची वाटी, सगळं झिजतं.

दुसरं म्हणजे पडून राहणं. पावसाळ्यात बोटी बंद असतात. तेवढे महिने पाकळ्या एकाच बाजूला दाबून राहतात. उघडून बघाल तर वाकलेल्या तशाच वाकलेल्या, सरळ होत नाहीत. धार तेव्हापासूनच बारीक होते, लोकांच्या लक्षात दिवाळीत येतं. दरवर्षी बदलाच असं मी म्हणत नाही, दरवर्षी उघडून बघा म्हणतो. तुम्हीही बघा एकदा, तुटलेली पाकळी गोड्या पाण्यातही वर जाऊन अडकतेच.

भिगवण_नावाडी

चालतंय तोवर उघडायचं नाही हा आमचा नियम. बघू.

कर्लीकाठ

उघडलं. मोठं लिहितोय, माफ करा.

पायाचे बोल्ट मिठानं बसले होते, एक तर अर्धा दिवस तेल मारून मारून सुटला. वरची नळी घट्ट आहे, रबरी बुच ठीक, ओठ दुमडलेला नाही. म्हणजे काकांची दुसरी शंका गेली.

इंपेलरचं बुश पक्कडीत धरून पिळलं, घसरलं नाही. पण इतक्या थोड्या दिवसांत पाकळ्यांची टोकं मळकट झालीत, घासल्यासारखी. खालच्या पट्टीवर गोल खाचा आहेत, नख सरळ अडकतं. मेकॅनिकनं पट्टी जुनीच ठेवली होती, म्हणाला पट्टी कोण बदलतं.

आता तांब्याची गोष्ट. पोकळीत पाणी ओतलं तर ते तसंच उभं राहिलं. थोड्या वेळानं उजव्या जाळीतून बारीक पाझर सुटला. डावीकडून काहीच नाही. मेकॅनिक बघतच राहिला, कारण बाहेरून दोन्ही जाळ्या त्यानं ब्रशनं घासून चकचकीत केल्या होत्या.

जाळ्या काढल्या. दोन्ही जाळ्यांना आरपार एकच स्क्रू आहे, तो तुटला, ड्रिल करून काढावा लागला. आत बघतो तर डाव्या बाजूला वाळू आणि शिंपल्यांचा चुरा मिळून दगडासारखा गोळा झालेला, त्यावर बारीक कालवं चिकटून वाढलेली. उजवीकडे थोडी जागा, तिथेही जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंतलेला. चमच्यानं आणि वाकड्या स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढलं. मूठभर निघालं.

फोटो लावले असते, पण हात ग्रीसनं भरले होते.

दाभोळखाडी

बापरे. म्हणजे आत कालवं वाढलीत आणि बाहेरून जाळी स्वच्छ. बोट पाण्यात असताना तुम्ही इंजिन उचलून ठेवता की पायासकट पाण्यातच ठेवता?

कर्लीकाठ

सीझनमध्ये पाण्यातच असायचं ताई. रोज उचलायचा कंटाळा. आणि खाडीत ओहोटीला पाय वाळूत टेकून उभा राहतो कधीकधी, तेही आहेच.

गिअरकेस

सापडलं मग. आता गडबडीत परत बसवू नका, तीन गोष्टी बाकी आहेत.

पट्टी बदला. खाच असलेल्या पट्टीवर नवा इंपेलर ठेवला तर पाणी पाकळीखालून परत मागे सरकतं आणि रबर लवकर खलास होतं. वरच्या वाटीच्या आत बोट फिरवा, तिथेही खाच लागली तर वाटीही बदला. सगळ्याचा एकत्र किट मिळतो, त्यात चावी, ओ-रिंग, गॅस्केट असतं. चावी म्हणजे शाफ्टमधली ती छोटी पाचर. ती न पडता बसली पाहिजे, ग्रीसचा ठिपका लावून चिकटवा.

इंपेलर वाटीत बसवताना रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. शाफ्ट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवत वाटी खाली दाबायची, म्हणजे पाकळ्या आपोआप योग्य बाजूला झुकतात. बसल्यावर उलटं फिरवू नका.

तिसरी गोष्ट, जुन्या इंपेलरची तुटलेली टोकं. ती पाण्याबरोबर वर गेलीत. आता पाय उतरलेलाच आहे तर वर थर्मोस्टॅटचं झाकण उघडून तिथून नळानं पाणी खाली सोडा, म्हणजे उलट्या दिशेनं. जे अडकलंय ते उभ्या नळीतून खाली पडायला हवं. खाली बादली किंवा फडका धरा.

भाटीवरचा_बाबू

थर्मोस्टॅटचा झाकण उघडतासच तर काढूनच टाक मरे!

गिअरकेस

बाबू, तू सोडणार नाहीस. काढल्यावर इंजिन गार चालतं, त्यात सुख वाटतं. पण टू-स्ट्रोकला थोडी गरमी लागते. सतत गार राहिलं तर पेट्रोल नीट जळत नाही, प्लग ओले काळे होतात, कार्बन साचतो. तुझ्या मशिनीचे प्लग किती दिवसांनी बदलतोस?

भाटीवरचा_बाबू

ता खरां, प्लग खूप खातत. पण मी सगळो दिवस फुल थ्रॉटलक मासे धरूक जातंय, माका स्लो चलवचा काम नाय. गरम होऊन बंद पडण्यापेक्षा प्लग बरो.

गिअरकेस

फुल थ्रॉटलला धावणाऱ्याला त्रास कमी होतो, हे मान्य. पर्यटकांच्या बोटीला अर्धा वेळ स्लोवरच काढायचा असतो, डॉल्फिनच्या मागे रेस लावायची नसते. त्याला नको.

कर्लीकाठ

किट कोल्हापूरहून मागवला, पट्टी आणि वाटी दोन्ही नव्या. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या टोपात टाकून बघितला, पाणी उकळायच्या बरंच आधी उघडला, म्हणून परत घातला. बाबूभाऊ माफ करा.

वरून पाणी सोडल्यावर खाली रबराचं एक टोक पडलं, नखाएवढं. दुसरं पडलं नाही. मेकॅनिक म्हणतो दुसरं बाहेर गेलं असेल, तुटलेल्यांचा आकार त्याला नीट आठवत नाही. हवेच्या पंपानंही फुंकलं, काही नाही.

बसवायच्या आधी परत तांब्या ओतला. दोन्हीकडून पाणी धो धो. पिंपात लावलं तर धार अशी उडाली की शेजाऱ्याच्या सुकत घातलेल्या बांगड्यांवर. थ्रॉटल दिला की वाढते. समुद्रात भरलेली बोट घेऊन निवतीपर्यंत फुल थ्रॉटलला गेलो, धार शेवटपर्यंत तुटली नाही, स्लो केल्यावर हात धरला तर कोमट.

एक शंका राहिली. आल्यावर प्लग काढून बघितले. खालच्या सिलिंडरचा प्लग बदामी, वरच्याचा पांढरट. हे आधीपासून असेल का आत्ताचं?

दाभोळखाडी

अभिनंदन! बझरची वायर जोडून घ्या आधी. आमच्या बोटीला बझर वाजला म्हणूनच आम्हाला पिशवी सापडली, नाहीतर वाऱ्यात धार कोण बघतंय.

कर्लीकाठ

जोडली ताई. हेडवरच्या सेन्सरची वायर सोडून इंजिनाला टेकवली की बझर वाजतो, तसा वाजवून बघितला.

गिअरकेस

पांढरट प्लग म्हणजे तो सिलिंडर दुसऱ्यापेक्षा जास्त तापतोय किंवा त्याला पेट्रोल कमी मिळतंय. तिसरीही शक्यता आहे. इतके दिवस गरम चाललंय, वरच्या सिलिंडरच्या बाजूला हेड गॅस्केट थोडं भाजलं असेल, किंवा पाणी जायची वाट मिठाच्या थरानं बारीक झाली असेल. ते रबराचं दुसरं टोक तिथेच बसलं असेल असंही होऊ शकतं. इथून सांगणं कठीण आहे.

हेड लगेच उघडू नका. आधी कॉम्प्रेशन बघा. दोन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, किलची क्लिप काढून ठेवा म्हणजे स्पार्क नको, आणि दोन्ही सिलिंडरला सारखेच दोर ओढा. आकडा किती येतो त्यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर कार्ब्युरेटर साफ करून, नवे प्लग घालून परत बघू.

डिझेलवाला

मी आधीच म्हणालो होतो, हेड गॅस्केट.

भिगवण_नावाडी

डिझेलवाले भाऊ, गेज लागू द्या आधी.

कर्लीकाठ भाऊ, ते तांब्याचं मी पण करून बघितलं परवा. नियम मोडला म्हणायचा. एका बाजूनं पाणी कमी पडलं, जाळीमागं शेवाळाचा बोळा होता. इंपेलरच्या दोन पाकळ्यांना बुडाशी चिरा गेल्यात. चालतोय अजून, पण नवीन मागवलाय. आमच्या इंजिनाची पट्टी स्टीलची नाही, प्लास्टिकची दिसते. ती पण बदलायची का?

गिअरकेस

तिलाही नख लावून बघा. अडकलं तर बदला.

कर्लीकाठ

गेज मालवणला एका मित्राकडे आहे, शनिवारी मिळेल. तोवर खाडीतल्याच फेऱ्या करतोय, बाहेर नेत नाही. आकडे आले की टाकतो.

गिअरकेस

वरच्याचे आणि खालच्याचे वेगवेगळे लिहा. आणि इंजिन गार असताना घेतले की गरम असताना, तेही.